एक्झिमाचं बाळ आणि गोधडीची ऊब

“बाळाला एक्झिमा आहे, रात्री खाजवून उठतं. मोहरीच्या तेलाने मालिश करून गोधडीत गुंडाळलं तर शांत झोपेल ना?”

नाही, उलट खाज वाढेल. रात्री त्वचा तशीही गरम होते आणि तिच्यातलं पाणी जास्त उडतं. त्यात ऊब आणि घाम मिळाला की खाज भडकते. मोहरीचं तेल तर त्वचेचा आधीच कमकुवत झालेला थर आणखी दुखावतं.

आठ महिन्यांचं बाळ साडेआठला झोपत असेल, तर आठला कोमट पाण्याने पाच ते दहा मिनिटं आंघोळ घाला. साबण, बेसन, उटणं नको. मऊ पंच्याने टिपा, घासू नका. अंग ओलसर असतानाच बिनवासाचं घट्ट मॉइश्चरायझर सर्वांगाला लावा, लव ज्या दिशेला वळते त्या दिशेने, न रगडता. हात आखडता घेऊ नका. आठवड्याला साधारण २५० ग्रॅम संपायला हवं. बहुतेक घरं इथेच कमी पडतात. डॉक्टरांनी चट्ट्यांसाठी मलम दिलं असेल, तर ते त्यांनी सांगितलं तसंच चालू ठेवा.

गादीवर धुऊन धुऊन मऊ झालेली सुती चादर ताणून खोचा. बाळाच्या अंगाखाली रबरी शीट थेट नको, घाम साचतो. वर्षाच्या आतल्या बाळाजवळ उशी आणि सैल पांघरूण ठेवूच नका. उकाड्यात पातळ सुती झबलं पुरे. मानेमागे हात लावून पाहा: घाम लागला तर कपडे जास्त झालेत. गार तळहातांवरून अंदाज बांधू नका.

चट्टे पाझरू लागले, पिवळी खपली धरली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.