हिंदीत गेल्यावर नपुंसकलिंगाचं काय होतं?

‘आईने मुलीला बघितलं.’ या वाक्यातलं ‘बघितलं’ कोणाचं ऐकतं? आई स्त्रीलिंगी, मुलगीही स्त्रीलिंगी, तरी क्रियापद नपुंसकलिंगी. ‘ने’ लागला की कर्त्याचा आणि ‘ला’ लागला की कर्माचा क्रियापदावरचा हक्क जातो. जुळवायला कोणीच उरलं नाही की मराठी नपुंसकलिंगी एकवचनाकडे वळते. ‘काय झालं?’, ‘मला वाटलं’, ‘उकडतंय’ ही सगळी त्याच घरची रूपं.

म्हणजे मराठीत नपुंसकलिंग दोन कामं करतं. एक म्हणजे घर, पाणी, फूल अशा नामांना लिंग देणं. दुसरं, जे फारसं लक्षात येत नाही, ते म्हणजे रिकाम्या जागेवर बसणं. हिंदीत हा गडी नाही, तेव्हा दोन्ही कामं दुसऱ्या कोणाला तरी करावी लागतात.

रिकाम्या जागेचं काम सरसकट पुंल्लिंगी एकवचनाकडे गेलं. ‘क्या हुआ?’, ‘मुझे लगा’, ‘माँ ने लड़की को देखा’. या शेवटच्या वाक्यात मराठी माणूस हमखास ‘देखी’ म्हणतो. दोन बायकांच्या वाक्यात ‘देखा’ त्याला खटकतं. पण तो ‘देखा’ पुरुषाचा नाहीच, आपल्या ‘बघितलं’चा आहे.

नामांची वाटणी इतकी सरळ झाली नाही. बरीचशी पुंल्लिंगात गेली, आणि याचं कारण जुनं आहे. संस्कृतात ‘देव’ आणि ‘फल’ यांची रूपं प्रथमा, द्वितीया आणि संबोधन सोडलं तर सारखीच चालतात: देवेन-फलेन, देवस्य-फलस्य. मराठीतही ‘घोडा’चं ‘घोड्याला’ आणि ‘केळं’चं ‘केळ्याला’; ‘तो’ आणि ‘ते’ दोघांचंही ‘त्याला’. दोन्ही लिंगांमधली भिंत मुळातच पातळ होती. मराठीने शेवटचा अनुस्वार उच्चारात ‘अं’ म्हणून टिकवला, हिंदीत तो गेला आणि भिंतही गेली. म्हणून केळं-केला, अंडं-अंडा, गाणं-गाना, सोनं-सोना. शेवटी ‘अं’ ऐकू आला तर हिंदीत बहुतेक वेळा ‘आ’ आणि पुंल्लिंग.

अडचण अनेकवचनात येते. ‘केळी’, ‘गाणी’, ‘अंडी’ यांतली ‘ई’ आपल्याकडे नपुंसक अनेकवचनाची, हिंदीच्या कानाला मात्र ती स्त्रीलिंगी एकवचनाची. ‘जुनी गाणी लागली होती’ असं मनात धरून आपण ‘पुरानी गाने लगी थी’ म्हणतो. नाम सुधारतं, पण विशेषण आणि क्रियापद मराठीच राहतं. हवं ते ‘पुराने गाने लगे थे’.

काही शब्द तर दोन्ही भाषांत तेच असून पक्ष बदलतात. ‘नाक’ हिंदीत स्त्रीलिंगी: ‘मेरी नाक’. ‘पुस्तक’ही स्त्रीलिंगी, बहुधा ‘किताब’च्या संगतीने. इथे नियम शोधण्यात वेळ घालवू नये. असे शब्द विशेषणासकट पाठ केलेले बरे.

आता ‘मी दोन केळी खाल्ली’ हे वाक्य हिंदीत नेऊ. केळी झाली ‘केले’, पुंल्लिंगी अनेकवचन, म्हणून क्रियापद ‘खाए’. राहिला ‘मी’. मराठीत ‘त्याने खाल्ली’ पण ‘मी खाल्ली’. मी, तू, आम्ही, तुम्ही यांना या जागी ‘ने’ लागत नाही. जुन्या मराठीत ‘म्यां केले’ असं वेगळं रूप होतं, पुढे ते ‘मी’तच मिसळलं. हिंदीत मात्र सगळ्यांना ‘ने’ लागतो: ‘मैंने दो केले खाए’. ‘मैं दो केला खाया’ या वाक्यात एकदम तीन चुका आहेत, पण त्यातली एकच मराठीतून आलेली आहे: ‘ने’ विसरणं मराठीचं, ‘केला’ आणि ‘खाया’ला अनेकवचन न देणं निव्वळ घाईचं.

‘ने’ कुठे लावायचा हे ओळखायला ‘मी’च्या जागी ‘तो’ घालून पाहायचं. ‘त्याने वाचलं’ येत असेल तर ‘मैंने पढ़ा’. ‘तो बोलला’, ‘तो विसरला’ येत असेल तर ‘मैं बोला’, ‘मैं भूला’. मात्र ही युक्ती काही ठिकाणी फसते, आणि त्यातली चार क्रियापदं रोजची आहेत. ‘तो म्हणाला’चं ‘उसने कहा’ होतं, ‘तो शिकला’चं ‘उसने सीखा’, ‘तो पाणी प्यायला’चं ‘उसने पानी पिया’. चौथं उलट्या दिशेचं: ‘त्याने पुस्तक आणलं’, पण ‘वह किताब लाया’. ‘लाना’ म्हणजे मुळात ‘ले आना’. ‘आना’ अकर्मक, म्हणून ‘ने’ नाही. तिथे क्रियापद किताबकडे बघतच नाही, त्यामुळे ती आणणारी मुलगी असेल तरच ‘लाई’.