पाचशे मुलांना विचारलं, म्हणून आकडा खरा?

"रस्त्यावरची किती मुलं नशा करतात ते कळायला स्टेशनवर जा, पाचशे मुलांना विचारा. एवढ्या मुलांशी बोलल्यावर निष्कर्ष चुकेलच कसा?"

संख्या वाढली की योगायोगाने होणारी चूक कमी होते. पण कोण भेटतं आणि कोण भेटतच नाही, यातला कल तसाच राहतो.

समजा, एका भागात शंभर मुलं आहेत. पन्नास जण रोज फलाटावरच असतात. उरलेले पन्नास मार्केटात गोण्या उचलतात आणि आठवड्यातून एकदाच स्टेशनवर येतात, कुणी सोमवारी, कुणी शनिवारी. एका दिवशी गेलात तर पहिल्यातले पन्नास भेटतील, दुसऱ्यातले साधारण सात. पहिल्या गटात चाळीस जण नशेसाठी चिकटवायचं सोल्यूशन हुंगत असतील आणि दुसऱ्यात दहा, तर खरं प्रमाण 50 टक्के. तुमच्या वहीत मात्र 73 च्या आसपास येईल. अशी दहा स्टेशनं केलीत तरी 73च.

उपाय एका प्रश्नात आहे: "गेल्या सात दिवसांत इथे किती दिवस आलास?" सात म्हणणारा सातपट सहज भेटतो, म्हणून मोजताना त्याला एक सप्तमांश वजन द्यायचं, एक म्हणणाऱ्याला पूर्ण एक. आकडा पुन्हा पन्नासच्या जवळ येतो. (लहान मुलं दिवस मोजताना गोंधळतात; "काल? परवा?" असं विचारलेलं बरं.) भेटीचे वार आणि वेळाही चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या, रात्र धरून.

स्टेशनवर कधीच न येणाऱ्या मुलीला मात्र कुठलंही वजन परत आणत नाही. तिच्यासाठी दुसऱ्या जागा शोधाव्या लागतात. म्हणून असा अहवाल हाती आला की आधी जागा, वेळा आणि हा प्रश्न विचारला होता का, ते पाहा.