पावलांवरून अंतरमापन

चाललेल्या पावलांच्या संख्येला पावलाच्या सरासरी लांबीने गुणून अंतर काढण्याची पद्धत. एका पायाच्या टाचेपासून पुढे टेकलेल्या दुसऱ्या पायाच्या टाचेपर्यंत एक पाऊल धरतात. उजवा पाय टेकल्यापासून पुन्हा उजवाच टेकेपर्यंत दोन पावले होतात. तेवढी लांबी एका पावलाची म्हणून अ‍ॅपमध्ये भरली, तर अंतर थेट दुप्पट दिसते.

नैनसिंग रावत १८६५-६६ मध्ये ब्रिटिश सर्वेक्षण खात्यासाठी वेषांतर करून ल्हासाला गेले, तेव्हा वाटेतली अंतरे त्यांनी पावलांनीच मोजली. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते आणि शंभर पावलांना एक मणी सरकवायचा, म्हणजे माळेचा एक फेरा दहा हजार पावलांचा. चढ असो वा उतार, पाऊल ठरलेल्या लांबीचेच पडावे, असा सराव त्यांच्याकडून आधी करून घेतला होता. आपल्याला तेवढी शिस्त जमणारी नाही. त्यामुळे आपण नेहमी जसे चालतो, त्याच पावलाची लांबी काढणे बरे.

त्यासाठी ४०० मीटरचा ट्रॅक सोयीचा. मात्र हे ४०० मीटर सर्वांत आतल्या लेनचे, आतल्या कठड्यापासून ३० सेंटिमीटरवरून मोजलेले असतात. नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या बुटांत दोन फेऱ्या मारून पावले मोजावीत आणि हे तीनदा करावे. समजा १०९०, १०९६ आणि ११०२ पावले आली. सरासरी १०९६, ८०० भागिले १०९६ म्हणजे ०.७३ मीटर. पुढे एखाद्या दिवशी ६८५० पावले झाली, तर अंतर सुमारे ५ किलोमीटर. तीन मोजण्यांत पन्नास-साठ पावलांचा फरक पडला, तर वेग बदलला किंवा मोजताना चूक झाली असे समजावे.

सर्वांत मोठी फसगत लेनची होते. चालणाऱ्यांना बहुधा बाहेरच्या लेनमध्ये पाठवतात आणि प्रमाणित ट्रॅकवर पाचव्या लेनची फेरी सुमारे ४३० मीटर भरते. ती ४०० धरली, की पाऊल ६८ सेंटिमीटरचे निघते आणि पुढे प्रत्यक्षातले १० किलोमीटर कायम ९.३ दिसतात. कितीही फेऱ्या मारल्या तरी ही चूक सरासरीत विरत नाही. शाळेच्या मैदानावर फक्कीने आखलेला ट्रॅक असेल, तर टेपने मोजलेली सरळ १०० मीटरची रेघच बरी.

पावले मोबाइल मोजणार असेल, तर ट्रॅकवरही त्याचाच आकडा घ्यावा. तो शंभरात तीन पावले नेहमीच सोडत असेल, तर भागाकारात ती तूट आपोआप भरून निघते. येणारी लांबी मग खऱ्या पावलाची नसते, पण अंतर बरोबर येते.

उंचीच्या ४१ टक्के हा प्रचलित अंदाज तात्पुरता चालतो. वेग वाढला की पाऊल लांबते, चढावर आखडते. त्यामुळे सपाटीवर काढलेला आकडा सिंहगडाच्या पायवाटेवर अंतर फुगवून दाखवतो.