छोट्या स्थापत्य कंत्राटदाराचे क्षमतापत्रक: झालेल्या कामांचा तक्ता कसा भरावा

क्षमतापत्रक, म्हणजे आपण ज्याला कंपनी प्रोफाइल म्हणतो ते, करून घ्यायला येणारे बरेच ग्राहक आधी लोगो आणि फोटो घेऊन येतात. निविदा तपासणारा माणूस मात्र थेट झालेल्या कामांच्या तक्त्याकडे जातो. म्हणून दोन पानांच्या पत्रकातली निम्मी जागा आम्ही या तक्त्यालाच देतो. नोंदणीचा वर्ग, पॅन, जीएसटी आणि उद्यम क्रमांक, अभियंते आणि यंत्रसामग्री उरलेल्या जागेत आरामात बसतात.

तक्त्यात काय हवे, ते निविदेतल्या पात्रतेच्या अटी सांगतात. केंद्रीय दक्षता आयोगाच्या 2002 च्या मार्गदर्शक सूचनांवर बेतलेली अट अनेक निविदांत दिसते: गेल्या 7 वर्षांत त्याच स्वरूपाची, अंदाजित रकमेच्या किमान 40 टक्क्यांची 3 कामे, किंवा 50 टक्क्यांची 2, किंवा 80 टक्क्यांचे 1 काम पूर्ण केलेले असावे. काही विभाग दोन कामांसाठी 60 टक्के मागतात, त्यामुळे प्रत्येक निविदेतली अट वाचूनच तक्ता भरायचा.

समजा, 1 कोटीच्या सिमेंट काँक्रीट रस्त्याची निविदा भरायची आहे. तुमच्या जुन्या पत्रकात ‘जिल्हा परिषदेची रस्ते, गटारे व शाळाखोल्यांची अनेक कामे’ एवढेच लिहिले आहे. त्यातून 40 लाखांच्या वरचा रस्ता कोणता, हे कुणालाच कळत नाही. तीच माहिती अशी लिहा:

‘गावांतर्गत सिमेंट काँक्रीट रस्ता, लांबी 800 मीटर, रुंदी 3.75 मीटर, जाडी 150 मिमी, एम-30. जिल्हा परिषद बांधकाम विभाग. करार रक्कम 48.20 लाख, अंतिम देयक 46.75 लाख. मुदत 6 महिने. कार्यारंभ आदेश 12/11/2022, काम पूर्ण 28/04/2023. दाखला: जोडपत्र 3.’

लांबी, रुंदी, जाडी लिहिल्यामुळे काम ‘त्याच स्वरूपाचे’ आहे हे एका नजरेत दिसते. गटाराचे काम 60 लाखांचे असले तरी रस्त्याच्या निविदेत ते धरले जाईलच असे नाही, म्हणून ते तक्त्यात खाली ठेवा. करार आणि देयक या दोन्ही रकमा द्या, कारण झालेले काम मोजताना अंतिम देयकाची रक्कम पाहतात. ती जीएसटीसह आहे की जीएसटीविना, हेही लिहा. सात वर्षे साधारणपणे काम पूर्ण झाल्याच्या तारखेवरून मोजतात, त्यामुळे कार्यारंभ आदेश जुना असला तरी काम उशिरा पूर्ण झाले असेल तर ते चालू शकते. मुदतवाढ मिळाली असेल तर मंजुरीच्या पत्रासह ती नोंदवा. लपवलेली मुदतवाढ दाखल्यावरच्या तारखांत दिसतेच, आणि मग बाकीच्या ओळींवरचाही विश्वास जातो.

प्रत्येक ओळीतला आकडा तिच्या दाखल्याशी अक्षरशः जुळला पाहिजे. दाखल्यावर कार्यकारी अभियंत्याची सही आणि जावक क्रमांक आहे ना, ते आधी पाहा. खासगी बिल्डरच्या कामाला नुसते पत्र बऱ्याचदा पुरत नाही, त्या कामावर कापलेला टीडीएस फॉर्म 26एएसमध्ये दिसावा लागतो. दुसऱ्याच्या नावावर उपकंत्राटाने केलेले काम ‘आमचे’ म्हणून लिहू नका. ‘उपकंत्राट’ असा स्पष्ट शेरा मारून वेगळे दाखवा. सीएच्या उलाढाल दाखल्यावर यूडीआयएन हवा. 1 फेब्रुवारी 2019 पासून सीएच्या सर्व दाखल्यांसाठी तो बंधनकारक आहे.

हातातली कामे दाखवायला अनेकांना नको वाटते. पण निविदाक्षमता त्याशिवाय निघत नाही. प्रचलित सूत्र असे:

```
A × N × 2 − B
```

A म्हणजे गेल्या 5 वर्षांतल्या एका वर्षातले सर्वाधिक काम, N म्हणजे नव्या कामाची मुदत वर्षांत, आणि B म्हणजे त्या मुदतीत पूर्ण करायचे हातातले उरलेले काम. गुणक निविदेप्रमाणे बदलतो. वरच्याच उदाहरणात A 90 लाख, मुदत 1 वर्ष आणि उरलेले काम 70 लाख धरले तर क्षमता 110 लाख येते, म्हणजे 1 कोटीची निविदा बसते. उरलेले काम 95 लाख असेल तर क्षमता 85 लाखांवर येते, आणि ती निविदा भरण्यात अर्थ नाही. हे घरीच कळलेले बरे. B मध्ये कामांची पूर्ण करार रक्कम टाकू नका. झालेले काम वजा करून उरलेलेच धरा.

हे पत्रक निविदेतल्या विहित नमुन्यांची जागा घेत नाही. नमुने त्यांच्याच रकान्यांत भरून पहिल्या लिफाफ्यात जोडा, पत्रक त्यांच्यासोबत द्या. आर्किटेक्ट किंवा सोसायटीला देताना निविदाक्षमतेचे गणित काढून टाका आणि त्या जागी जवळची, जाऊन पाहता येतील अशी दोन कामे द्या. मालकाची परवानगी घेऊनच त्याचा संपर्क लिहा.

आमच्याकडे येताना कार्यपूर्ती दाखले, अंतिम देयकांच्या प्रती, हातातल्या कामांचे कार्यारंभ आदेश आणि तीन वर्षांचे ताळेबंद आणा. मूळ कागद पाहिल्याशिवाय आम्ही तक्त्यात एकही ओळ घालत नाही.