आकडे उशिरा येतात तेव्हा काय बोलायचं?

दर शुक्रवारी संध्याकाळी पाचला तुम्हाला विक्रीचा अहवाल पाठवायचा असतो. त्यासाठी लागणारे आकडे सहकारी साडेचारला देतो. तपासायला वेळ मिळत नाही आणि गेल्या खेपेला एक बेरीज चुकीचीच गेली.

नमतं घेणारा म्हणतो, "असू दे रे, बघतो मी कसंतरी." समोरच्याला यातून एवढंच कळतं की साडेचार चालतंय. त्यामुळे पुढच्या शुक्रवारीही तेच होतं आणि मनातली चीड वाढत जाते. बरेचदा हाच माणूस महिन्याभराने आक्रमक होतो: "तुला वेळेचं भानच नाही! दरवेळी तुझ्यामुळे मी तोंडघशी पडतो." आता वाद सहकाऱ्याच्या स्वभावावर सुरू होतो. 'दरवेळी' हा शब्द खोडायला त्याला एक वेळेवर आलेला शुक्रवार पुरतो आणि आकड्यांचा विषय बाजूलाच राहतो.

ठाम बोलणं असं: "गेले दोन शुक्रवार आकडे साडेचारला आले. मला तपासायला वेळ मिळाला नाही आणि एक बेरीज चुकली. पुढच्या आठवड्यापासून दुपारी दोनपर्यंत पाठवशील का? जमणार नसेल तर सकाळीच कळव, म्हणजे मी साहेबांकडून वेळ वाढवून घेईन." आधी घडलेली गोष्ट, मग तिचा परिणाम आणि शेवटी नेमकी मागणी. मागणीत वेळ हवीच. 'जरा लवकर' म्हटलं तर चार वाजता पाठवलेले आकडेही लवकरच ठरतात.

खरी कसोटी उत्तर आल्यावर लागते. "मलाच वरून उशिरा मिळतात," असं तो म्हणाला की बहुतेक जण लगेच माघार घेतात किंवा भडकतात. त्याची अडचण मान्य करून मागणी तशीच ठेवता येते: "तुलाही उशिरा मिळतात, समजलं. मला मात्र दोनपर्यंत लागतील. वरून लवकर यावेत म्हणून आपण दोघं कोणाशी बोलूया?"

समोर वरिष्ठ असला की हे फार अवघड जातं. २८ डिसेंबर १९७८ रोजी युनायटेड एअरलाइन्सचं १७३ क्रमांकाचं विमान अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळ सुमारे तासभर घिरट्या घालत होतं. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतला होता. इंधन कमी होतंय हे कॉकपिटमध्ये बोललं गेलं, पण कॅप्टनला वेळेत उतरायला भाग पाडेल इतक्या ठामपणे नाही. इंधन संपून विमान कोसळलं. १८९ पैकी १० जण दगावले. अपघाताची चौकशी करणाऱ्या मंडळाने हाताखालच्या कर्मचाऱ्यांना ठामपणे बोलण्याचं प्रशिक्षण द्यावं अशी शिफारस केली. त्याच शिफारशीत कॅप्टनसाठीही प्रशिक्षण सुचवलं होतं: सहकाऱ्यांना निर्णयात सामील करून घेण्याचं.