कोडमधून पासवर्ड काढला, तरी तो गेलेला नसतो

साइट चढवायला देताना बरेच ग्राहक आवर्जून सांगतात, "पासवर्ड कोडमधून काढलाय, आता .env फाइलमध्ये ठेवलाय." तरीही आम्ही काम थांबवतो आणि आधी पासवर्ड बदलायला सांगतो. मग फोन येतो की काढलेल्या पासवर्डवरून एवढं अडवता कशाला. त्याचं उत्तर एकदाच नीट लिहून ठेवतो आहोत.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे काय, हे तुमच्या डेव्हलपरला माहीत असतंच. मेलचा पासवर्ड, डेटाबेसचा पासवर्ड, पेमेंटची सीक्रेट की या गोष्टी कोडमध्ये न लिहिता सर्व्हरवर वेगळ्या, बहुधा .env नावाच्या फाइलमध्ये, ठेवायच्या आणि कोडने त्या फक्त नावाने मागायच्या. एवढं बहुतेक जण व्यवस्थित करतात. घोळ होतो तो जुन्या कोडमधून नव्या पद्धतीकडे येताना.

नेहमीचं उदाहरण घ्या. साइटवर संपर्काचा फॉर्म आहे आणि त्याच्या मेलचा पासवर्ड सुरुवातीला थेट कोडमध्ये लिहिलेला होता. पुढे कुणीतरी ती ओळ खोडली, बदल कमिट करून पुश केला. फाइल उघडून पाहिली तर पासवर्ड कुठेच नाही. पण गिटचं कामच मुळी जुनं सगळं जपून ठेवण्याचं. पासवर्डची सुरुवातीची चार-पाच अक्षरं घालून शोधलं, की असं दिसतं:

```
$ git log --all --oneline -S 'k9dem'
b71f0c2 remove password
3e9a4d8 add contact form
```

खालचा कमिट पासवर्ड आला तेव्हाचा, वरचा तो खोडला तेव्हाचा. आता `git show 3e9a4d8` म्हटलं की अख्खा पासवर्ड समोर. वरच्या कमिटचा संदेश तर शोधणाऱ्याला बोट दाखवून सांगतो की इथे बघ. (शोधताना पूर्ण पासवर्ड टाइप करू नका, नाहीतर तो टर्मिनलच्या हिस्टरीत जाऊन बसेल.)

"पण आमचा रेपो प्रायव्हेट आहे." हे आम्हाला जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. रेपो प्रायव्हेट असला, तरी ज्याने ज्याने तो क्लोन केला त्याच्या लॅपटॉपवर हा सगळा इतिहास गेलेला आहे. मागच्या वर्षी काम सोडून गेलेला फ्रीलान्सरही त्यात आला. त्याचा अॅक्सेस तुम्ही बंद केलात, तरी त्याच्याकडची प्रत तशीच राहते.

म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे: आधी की बदलायची, साफसफाई नंतर. पेमेंट किंवा मेल सेवेच्या डॅशबोर्डवर जाऊन नवी की तयार करा, ती सर्व्हरवर घाला, साइट रीस्टार्ट करा, एक टेस्ट मेल पाठवून बघा आणि मगच जुनी की रद्द करा. सेवा एका वेळी दोन की चालू ठेवू देत असेल, तर साइट क्षणभरही बंद पडत नाही. डेटाबेसच्या पासवर्डला सहसा ही सोय नसते, तिथे दोन-चार मिनिटं धरून चाला. मात्र कीचा गैरवापर होताना दिसत असेल तर क्रमाबिमाच्या मागे लागू नका. जुनी की आधी रद्द करा, फॉर्म तासभर बंद राहिला तरी चालेल.

रीस्टार्ट विसरू नका. चालू असलेला प्रोग्राम सुरू होताना व्हेरिएबलच्या ज्या किमती मिळाल्या, त्याच धरून बसतो. "नवी की घातली तरी जुनीच चालतेय" अशा तक्रारींमागे बहुतेकदा एवढंच निघतं.

इतिहास पुसताही येतो, त्यासाठी `git filter-repo` हे साधन आहे. पण मग पासवर्ड आला त्या कमिटपासून पुढच्या सगळ्या कमिटचे आकडे बदलतात, टीममधल्या प्रत्येकाला रेपो नव्याने क्लोन करावा लागतो आणि बाहेर गेलेल्या प्रतींना त्याने काहीच होत नाही. की बदललेली असेल, तर इतिहासातली जुनी की निकामीच असते. तेव्हा एवढ्याशा साइटसाठी हा खटाटोप आम्ही सहसा सुचवत नाही.

आता .env फाइलबद्दल. ती एकदा कमिट झाली असेल, तर नंतर `.gitignore` मध्ये नाव घालून उपयोग नाही, कारण गिट ज्या फाइलवर आधीपासून लक्ष ठेवतो तिला तो नियम लागू होत नाही. तिला आधी यादीतून बाहेर काढावं लागतं:

```
git rm --cached .env
```

इथे एक खाच आहे, आणि सर्वांत जास्त वेळ तीच खाते. या आज्ञेने तुमच्या मशीनवरची फाइल राहते, पण गिटच्या दृष्टीने ती काढून टाकलेली असते. हा कमिट सर्व्हरवर `git pull` ने आला, की तिथली .env फाइल कमिट झाली तशीच असेल तर गिट ती पुसून टाकतो. साइट पुढच्या रीस्टार्टला पडते आणि कुणी काय केलं ते कळत नाही. म्हणून पुल करण्याआधी सर्व्हरवरच्या .env ची प्रत रेपोच्या फोल्डरबाहेर काढून ठेवा. आमच्याकडच्या साइटना हा त्रास होत नाही. किमती आम्ही आमच्या होस्टिंग पॅनेलमध्येच ठेवतो, कोडच्या फोल्डरमध्ये ठेवतच नाही.

पॅनेलमध्ये किंमत भरताना मात्र अवतरणचिन्हं घालू नका. .env फाइलमध्ये पासवर्डात `#` असेल तर ती लागतात, नाहीतर `#` पासून पुढचा भाग टीप समजून सोडला जाऊ शकतो. पॅनेल मात्र तुम्ही जे टाइप कराल ते जसंच्या तसं घेतं, म्हणजे अवतरणचिन्हंही पासवर्डाचाच भाग होतात आणि लॉगिन फसतं.

किंमत भरायची राहिली तर साइटने सुरू होतानाच ओरडावं, ग्राहकाने फॉर्म भरल्यावर नव्हे. नोडची साइट असेल तर एवढं पुरतं:

```js
const pass = process.env.SMTP_PASSWORD;
if (!pass) throw new Error("SMTP_PASSWORD missing");
```

आणखी एक गोष्ट आम्ही चढवण्याआधी बघतो. व्हीट वापरून केलेल्या साइटमध्ये ज्या व्हेरिएबलचं नाव `VITE_` ने सुरू होतं आणि जे पानाच्या कोडमध्ये वापरलेलं असतं, त्याची किंमत बिल्ड करताना थेट ब्राउझरकडे जाणाऱ्या फाइलमध्ये उतरते. सीक्रेट की तिथे ठेवली, तर पान उघडणाऱ्या कुणालाही ती वाचता येते, मग रेपो कितीही स्वच्छ असो. पेमेंट सेवा बहुधा दोन की देतात. सार्वजनिक की पानावर चालते, सीक्रेट फक्त सर्व्हरवरच्या कोडमध्ये.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे तिजोरी नव्हे, हेही सांगून टाकतो. सर्व्हरवर साइटच्याच नावाने लॉगिन करता येणाऱ्याला त्या वाचता येतात, आणि कुणी चाचणीसाठी ठेवलेलं `phpinfo()` चं पान उघडं राहिलं तर त्यातही दिसू शकतात. त्यामुळे अशी पानं दिसली, की आम्ही न विचारता काढतो.

काम देताना आम्हाला पासवर्ड मेलवर किंवा मेसेजवर पाठवू नका. `.env.example` नावाच्या फाइलमध्ये फक्त व्हेरिएबलची नावं लिहा, किमतीची जागा रिकामी ठेवा आणि ती रेपोत खुशाल कमिट करा. त्यावरून आम्ही पॅनेलमध्ये रकाने तयार करून देतो, किमती तुम्ही स्वतः भरायच्या. रेपोचा इतिहास तपासणं साइट चढवण्याच्या कामातच धरलेलं आहे, त्याचे वेगळे पैसे नाहीत. दुसरीकडे चालू असलेली साइट नुसती तपासून हवी असेल, तरी रेपो वाचण्यापुरता अॅक्सेस द्या. कोणत्या की बदलायच्या याची यादी आम्ही करून देऊ.