१०० हर्ट्झखाली कापल्याने गुणगुण जात नाही

“तयार व्हिडिओत १०० हर्ट्झखालचा आवाज कापला की विजेची गुणगुण जाते ना?”

नाही. आपली वीज ५० हर्ट्झची असली, तरी तिची गुणगुण १००, १५०, २०० अशा पटींतही उमटते आणि मोबाइलच्या लहान स्पीकरवर मुख्यतः याच वरच्या पटी ऐकू येतात. म्हणूनच नाशिकजवळच्या द्राक्षांच्या शीतगृहात घेतलेल्या मुलाखतीत प्रत्येक पटीवर अरुंद नॉच फिल्टर, म्हणजे फक्त तेवढीच वारंवारता कापणारी गाळणी, लावावा. तो रुंद झाला, तर बोलणाऱ्याच्या आवाजातला भरदारपणाच हरवतो, आणि हे नुकसान मला गुणगुणीहून मोठे वाटते. मागे सतत येणारी ‘स्स’ अशी सरसर मात्र सर्व वारंवारतांत पसरलेली असते, त्यामुळे बोलणे थांबलेल्या क्षणाचा, पार्श्वसंगीत नसलेला नमुना घेऊन ती ६ ते १० डेसिबलच कमी करावी. नंतर केवळ काढलेला आवाज ऐकावा; त्यात शब्द ओळखू आले, तर प्रमाण घटवावे.